आभार मानणाऱ्याने काय मानावे

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात चार वेळा भरलं : 1909, 1921, 1934 आणि 2018. त्यातल्या अध्यक्षांची भाषणं हौशी माणसं अजून शोधून वाचतात. आभारप्रदर्शन शोधून वाचणारा मात्र मला आजवर भेटलेला नाही. तरीही कार्यक्रमानंतर वर्षभर ज्यावरून कुजबुज चालते, ते भाषण आभाराचंच असतं. अध्यक्ष काय म्हणाले ते लोक विसरतात. आपलं नाव कितवं आलं ते विसरत नाहीत.

बडोद्यातल्या एका मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी चिटणीसांनी लिहिलेले आभार परवा माझ्याकडे तपासायला आले. चार पानं, एकेचाळीस नावं आणि तीनदा ‘सर्वप्रथम’. आदरार्थी बिरुद, नाव आणि आभाराचं कारण एवढं नीट म्हणायला साधारण सहा सेकंद लागतात. म्हणजे नुसत्या नावांनाच चार मिनिटं, आणि ‘ज्यांच्याशिवाय हा सोहळा अशक्य होता’ हे प्रत्येकाला वेगळं. चहाचा वास एव्हाना दारापर्यंत आलेला असतो, त्यामुळे दोन मिनिटं हीच खरी मर्यादा.

‘‘कोणाचं नाव काढायचं ते तुम्हीच सांगा,’’ चिटणीस म्हणाले. काढायचं कोणाचंच नव्हतं. आधी एका कागदावर तीन रकाने आखले : नाव, कशाबद्दल, सभागृहात हजर आहेत का. लगेच दिसलं की उपाध्यक्ष तीन ठिकाणी आहेत : देणगीदार म्हणून, मंच सजवला म्हणून आणि उपाध्यक्ष म्हणून. एका माणसाचे आभार एकदाच, त्याने जास्त दिलं त्या जागी. एवढ्यानेच काही ओळी गेल्या.

मग क्रम. मोठेपणाने लावायला गेलं की भांडण ठरलेलं, कारण मोठेपणाचं माप प्रत्येकाच्या घरचं वेगळं. दुरून जवळ यावं, हे बरं. पुण्याहून रात्रीच्या गाडीने आलेले वक्ते पहिले, मग गावातलेच असलेले अध्यक्ष, मग देणगीदार, मग सभागृह आणि ध्वनिव्यवस्था, शेवटी कार्यकर्ते आणि श्रोते. यजमानांनी रांगेत मागे उभं राहावं, हे लग्नातल्या पंगतीतही आपण पाळतो.

खरा पेच देणगीदारांचा. रकमेप्रमाणे क्रम लावला तर सगळ्यांच्या रकमा सगळ्यांना कळतात, म्हणून अकारविल्हे. पण बडोद्यात तेही सरळ नाही. मराठी माणसाला आपण आडनावाने ओळखतो आणि गुजराती स्नेह्याला पहिल्या नावापुढे ‘भाई’ किंवा ‘बेन’ लावून. दोन्ही एकाच यादीत आले, की ‘अ’ नेमका कुठल्या नावाचा? आम्ही ठरवलं : क्रम सगळ्यांचा आडनावाने, आणि उच्चारताना मात्र ज्याला जशी हाक मारतात तशी. यादीआधी ‘अकारविल्हे’ हा शब्द माइकवरून मोठ्याने म्हणायचा. तो एक शब्द ऐकला की मागे पडलेल्याचा राग वर्णमालेवर जातो.

कार्यकर्त्यांची एकोणीस नावं होती. त्यांना एकत्र उभं राहायला सांगायचं आणि टाळ्या घ्यायच्या. नाव ऐकू येण्यापेक्षा चेहरा दिसलेला त्यांनाही आवडतो. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याचं नाव मात्र मी मुद्दाम घातलं. ते कोणी घेत नाही, आणि आवाज बंद करायचं बटण त्याच्याच हाताखाली असतं.

‘अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व’ हे वाक्य चिटणीसांना फार प्रिय. मी ते काढलं. ते ऐकताच तोवर पेंगणारी माणसंही मनात नावं मोजू लागतात. त्याऐवजी यादी कोषाध्यक्षांना दाखवली. पावत्या त्यांच्याकडे असतात, त्यामुळे राहिलेलं नाव त्यांनाच सापडतं. आम्हाला एक सापडलंही : देणगी वडिलांची, पावती मुलाच्या नावाने. देणगीदारांच्या यादीखाली दोन ओळी कोऱ्या ठेवल्या, कारण ऐन वेळी मंचावर चिठ्ठी येतेच, आणि आलेलं नाव शेवटी चिकटवलं की तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं.

शेवटाला एक चारोळी होती, मग ‘पुन्हा एकदा’, मग ‘जाता जाता’. तिन्ही गेली. उरलं एवढंच : ‘‘आपण सगळे आलात, आभारी आहोत. आता पसायदान.’’ पसायदान म्हटलं की लोक उभे राहतात, आणि बोलणाऱ्याला पुढे काही सुचलं तरी ते ऐकायला कोणी बसलेलं नसतं. चहाची सूचना त्यानंतर, कारण आधी दिली तर आभार रिकाम्या खुर्च्यांचे मानावे लागतात.

तुमच्यावर हे काम आलंच, तर लिहिलेलं घड्याळ लावून एकदा मोठ्याने वाचा. दोन मिनिटांच्या वर गेलं, तर नावांना हात लावू नका, विशेषणं कापा. विशेषण गेलं म्हणून रुसलेला माणूस अजून कोणी पाहिलेला नाही.