पडद्याआडून साहेब बोलले

व्हॉट्सॲपवर फिरत फिरत एका ऑफिसचा स्क्रीनशॉट हाती आला. खरेदी विभागातल्या एका कनिष्ठाने अकाउंट्सवाल्याला मेल टाकली होती: पार्टीचं बिल तीन आठवडे तुमच्याकडे पडून आहे, कृपया लक्ष घालावं. सीसीमध्ये अकाउंट्सचे साहेब. भाषा लग्नपत्रिकेइतकी नम्र. त्यावर ‘रिप्लाय ऑल’ने आलेलं उत्तर एका ओळीचं: ‘मस्त लिहिलंस, आता हे अप्रेझलच्या वेळी बाहेर काढू.’ उत्तर देणारे खरेदीचे साहेब, आणि मूळ मेलमध्ये त्यांचं नाव कुठेही नव्हतं.

म्हणजे ते बीसीसीत बसले होते. बीसीसीतल्या माणसाचं नाव बाकीच्यांकडे पोचत नाही, पण बाकीच्यांची नावं त्याला दिसतात. त्याने रिप्लाय ऑल दाबलं की ती सगळी नावं उत्तराला चिकटतात आणि ‘फ्रॉम’मध्ये हे महाशय स्वतः उगवतात. आउटलुक अशा वेळी पट्टी दाखवून बजावतंसुद्धा, की तुम्ही लपलेले आहात, सगळ्यांना उत्तर दिलंत तर कळेल. पट्ट्या वाचायच्या तर साहेब कशाला व्हायचं? मुरलेले लोक बीसीसीच्या वाटेलाच जात नाहीत. आधी मेल पाठवतात, मग तीच साहेबांना वेगळी फॉरवर्ड करतात. साहेबांनी कितीही जोरात रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर फॉरवर्ड करणाऱ्याच्याच पदरात पडतं.

त्या एका ओळीने नम्र मेलचा अर्थच फिरला. ‘कृपया’ अकाउंट्ससाठी होतं, तीन आठवड्यांचा हिशेब साहेबांसाठी. बिल निघावं अशी इच्छा होती की ते अडकल्याचा पुरावा हवा होता, हे आता त्या कनिष्ठालाही छातीठोक सांगता येणार नाही. उत्तर मागे घ्यायची सोय काही ठिकाणी असते म्हणा. पण समोरच्याने मेल उघडली असली तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि ‘मागे घेतली’ ही चिठ्ठी पाहून न उघडणारेही मुद्दाम उघडतात.

मला मात्र स्क्रीनशॉट काढणाऱ्याचं जास्त कौतुक वाटलं. जीमेलमध्ये आपलं नाव आपल्याला ‘मी’ असं दिसतं. या चित्रात, उत्तर कुणाकुणाला गेलं त्या ओळीत कनिष्ठ आहे, अकाउंट्सवाला आहे आणि एक ‘मी’ आहे. अकाउंट्सच्या साहेबांचं नाव तेवढं नाही. चार माणसांतून तिघं वजा करायला ऑडिटर लागत नाही.

खरेदीच्या साहेबांनाही हा हिशेब सुटलाय म्हणे. आता गोपनीय मेल फोडल्याची लेखी तक्रार करायची, तर सीसीत कुणाला ठेवायचं, यावर त्यांच्या केबिनमध्ये दुपारपासून खल चालू आहे.