फक्त दोन थेंब

पुतणीने मला तिच्या धंद्यात ओढलं, ते मी चाळीस वर्षं वर्तमानपत्रांच्या जाहिराती लिहिल्या म्हणून, असा माझा समज होता. खरं कारण नंतर कळलं. मी पैसे मागणार नव्हतो.

ती बी.फार्म. झालेली. तिने आणि तिच्या मैत्रिणीने मिळून चेहऱ्याला लावायचं सिरम काढलं. माल बनवून देणारा परवानाधारक कारखाना त्यांनी शोधला, पहिली खेप ५०० बाटल्यांची ठरली, ३० मिलिलिटरची, गडद तपकिरी काचेची. "काका, लाँचच्या आधी तीन टीझर पोस्ट टाकायच्यात इन्स्टाग्रामवर. तुम्ही शब्द द्या," असं ती म्हणाली आणि समोर चहा ठेवला. एवढंच काय ते माझं मानधन.

टीझर मला नवा नव्हता. आमच्या वेळी पेपरात चौकट विकत घ्यायची आणि आत नुसतं "उद्या!" छापायचं. दुसऱ्या दिवशी "नक्की उद्या!" आणि तिसऱ्या दिवशी त्यातून साबण निघायचा. पैसे कॉलम सेंटिमीटरवर, त्यामुळे रिकाम्या जागेचेही मोजावे लागत. गिऱ्हाईक हळहळायचं, पण रिकाम्या जागेची ऐट काही और असते, हे त्याला आम्ही पटवून द्यायचो. तोच अनुभव मी पुतणीच्या पदरात टाकला. काहीही सांगायचं नाही, म्हटलं. माणूस तडफडला पाहिजे.

१५ तारखेला लाँच. त्याआधी दहा दिवस पहिली पोस्ट गेली. काळी पार्श्वभूमी, मधोमध सोनेरी थेंब, आणि माझे शब्द: "फक्त दोन थेंब. १५ तारखेला. पुण्यातून." खाली मजकुरात एकच वाक्य: "नवं सिरम येतंय."

आता पुण्यात बसून 'सिरम' म्हटल्यावर लोकांना काय आठवतं, हे मला सुचायला हवं होतं. इथे १९६६ पासून त्याच नावाची लस बनवणारी संस्था आहे आणि करोनाच्या दिवसांत तिचं नाव घराघरात रोज घेतलं जात होतं. त्यात 'दोन थेंब'! ज्या देशात १९९५ पासून पोलिओचे दोन थेंब पाजले जातायत, तिथे मी सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात त्याच शब्दांनी केली होती. पहिला प्रश्न आला, "कोणत्या वयोगटासाठी?" दुसरा आला, "केंद्र कुठे?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका नातवाचं लसीकरणाचं कार्ड घेऊन खाली आले. १५ तारखेला शाळेला सुट्टी आहे का, हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं.

लाइक ८० आले. पुतणी खूश झाली. मी यादी वाचली, तर निम्मे आमचेच आडनावबंधू.

पोस्ट काढून टाकली. सुदैवाने त्याच संध्याकाळी दुसरं संकटही आलं, त्यामुळे माझ्या चुकीकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. बाटल्यांचे ड्रॉपर आले होते, पण त्यांच्या काचेच्या नळ्या उंच बाटलीच्या मापाच्या निघाल्या. नळी तळाला टेकायची आणि झाकण आट्यावर बसायचंच नाही. म्हणजे १५ तारीख तशीही गेलीच होती. तारीख मनात ठरवायची आणि बाटल्या झाकणांसकट घरात आल्यावर जाहीर करायची, हा नियम आम्ही त्या रात्री भिंतीवर लिहिला. नवी तारीख निघाली २६.

मग मी शांतपणे विचार केला. लपवायचं म्हणजे सगळंच लपवायचं, असं नसतं. दुकानदाराने वस्तू कागदात गुंडाळली तरी ती किराण्याची आहे की औषधाची, एवढं दुकानाच्या पाटीवरून कळलं पाहिजे. नाव लपवावं, किंमत लपवावी, बाटली लपवावी. पण हे कोणाच्या कामाचं आहे, ते पहिल्याच पोस्टमध्ये उघड सांगावं. नाहीतर ज्याची त्वचा तेलकट आहे तो पुढे निघून जातो आणि ज्याला नातू आहे तो थांबतो.

पोरींना मात्र काहीतरी कलात्मक हवं होतं. तीन पोस्टवर तीन मोठे शब्द: "तेल", "गेलं", "कुठे?" मला कल्पना आवडली. पुतणीने मोबाइलवर नमुना लावून दाखवला आणि आम्ही तिघेही गप्प झालो. इन्स्टाग्रामच्या पानावर एका ओळीत तीन चित्रं बसतात हे खरं, पण सर्वांत नवी पोस्ट डावीकडे येते आणि जुन्या उजवीकडे सरकतात. त्यामुळे ओळ दिसायची "कुठे? गेलं तेल". वहिनी मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, "ओट्याखाली आहे. आणि तूप वरच्या फळीवर."

उलट्या क्रमाने टाकलं तर ओळ सुलटी लागेल, असं मैत्रिणीने सुचवलं. लागेल, पण मग रोज पोस्ट बघणाऱ्याला आधी "कुठे?" दिसणार. शिवाय लाँचनंतर चौथी पोस्ट टाकली, की सगळी चित्रं एकेक घर पुढे सरकणार, "कुठे?" खालच्या ओळीत जाऊन पडणार. त्याहून मोठी अडचण अशी, की बघणाऱ्याला तिन्ही पोस्ट दिसतील याची हमीच नाही. एखाद्याला दुसरीच तेवढी दिसेल, एखाद्याला तिसरी आधी. पेपरात निदान पान तिसरं उद्याही पान तिसरंच असायचं. तेव्हा प्रत्येक पोस्ट एकटी उभी राहिली पाहिजे, असं ठरलं. "तेल गेलं"वर आणखी एक आक्षेप माझा होता. हे दोन शब्द वाचले की मराठी माणूस आपोआप धुपाटण्यापर्यंत पोहोचतो.

पहिली पोस्ट १६ तारखेला गेली, लाँचच्या दहा दिवस आधी. त्याहून लवकर केलं तर उत्सुकता नासते. ती दुधासारखी आहे, फ्रिजमध्येही किती दिवस ठेवणार? चित्रात खुंटीला लटकवलेलं हेल्मेट आणि दुचाकीवाल्या मुलींचा तो लांबलचक स्कार्फ. शब्द: "स्कार्फ सुटला. कपाळ अजून चकाकतंय." खाली प्रश्न: "दुपारी दोन वाजता तुमचा चेहरा कसा असतो?" वस्तूचा पत्ता नाही, पण कोणाबद्दल बोलतोय ते स्पष्ट. उत्तरं आली. एकीने लिहिलं, "पापडासारखा, तळून झाल्यावरचा." हे वाचून मला माझ्या चाळीस वर्षांची लाज वाटली. ते शब्द आम्ही तिची परवानगी घेऊन पुढच्या पोस्टमध्ये वापरले.

दुसरी २१ तारखेला. इथे थोडं उघडं करायचं होतं: आत काय आहे आणि हाताला कसं लागतं. आत ५ टक्के नायसिनामाइड, म्हणजे ब ३ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्याने बऱ्याच जणांचा तेलकटपणा थोडा कमी होतो. पुतणीने 'थोडा' आणि 'बऱ्याच जणांचा' हे दोन्ही शब्द ठेवले, म्हणून मी तिला मनातल्या मनात शंभर गुण दिले. अडचण चित्रीकरणाची होती. हे सिरम पाण्यासारखं पातळ आणि रंगहीन, कॅमेऱ्यात ते नळाच्या पाण्यासारखंच दिसतं. मैत्रीण म्हणाली, ग्लिसरीन वापरू, थेंब दाट आणि सुरेख पडतो. मी पहिल्यांदाच आवाज चढवला. जी गोष्ट विकायची तीच दाखवायची असताना दुसरीच बाटली उघडायची? चिकट नाही, पटकन मुरतं, एवढंच तर या पोस्टचं म्हणणं, आणि दाखवायचं काय, तर चिकट ग्लिसरीन! शेवटी काळ्या ताटलीवर खरा थेंब टाकला, खिडकी बाजूला ठेवली, समोरचा दिवा बंद केला. तिरप्या उजेडात थेंबाला कड आली आणि तो थेंबासारखा दिसू लागला.

तरीही एक चित्रफीत फेकावी लागली. तीत मैत्रिणीने ड्रॉपर थेट गालाला टेकवला होता. दिसायला छान, जाहिरातींत सर्रास दिसतं, पण त्वचेला लागलेली नळी परत बाटलीत गेली की गालावरचं सगळं आत जातं. जाणकार लोक नेमकं तेच पकडतात आणि मग कोणी तेलाबद्दल बोलत नाही. नव्या चित्रफितीत थेंब तळहातावर पडला.

तिसरी पोस्ट २५ ची. तिच्यात काहीही लपवायचं नाही: बाटली, नाव, किंमत, उद्या सकाळी अकरा, कुठून मागवायचं. मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं दडतं, म्हणून वेळ आणि जागा सर्वांत वर. त्याखाली कानामागे किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, ही सूचना. पोरींच्या कच्च्या मजकुरात "मुरुमांवर उपचार" असं होतं. तिथे माझी पेन्सिल चालली. सौंदर्यप्रसाधन आणि औषध यांच्यात १९४० च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याने रेघ आखलेली आहे. उपचार म्हटलं की आपण औषधाच्या अंगणात शिरलो, आणि तिथला परवाना आपल्याकडे नाही. "त्वचा नितळ दिसते" इथे आम्ही थांबलो. 'दिसते' या क्रियापदाने वकिलाचे किती पैसे वाचवले, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आजींना मात्र "गोरेपणा" हवा होता. "त्याशिवाय कोण घेईल?" असं त्यांचं म्हणणं. सावळ्या रंगाला कमी लेखून माल विकू नये, असं जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच सांगितलंय, हे मी त्यांना समजावलं. आजी म्हणाल्या, "मग माझ्या लग्नाच्या वेळी कुठे होती ही परिषद?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लाइक मोजायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं. स्टोरीत उलटी मोजणी लावली होती. तिची आठवण किती जणांनी लावून ठेवली आणि "कुठे मिळेल?" असं किती अनोळखी लोकांनी विचारलं, एवढंच वहीत उतरवलं. आठवण लावणारे १४०, विचारणारे ३७. आडनावबंधू वजा करून.

पहिल्या दिवशी ६४ बाटल्या गेल्या. पासष्टावी वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतः खाली येऊन रोख पैसे मोजून नेली. परवा जिन्यात भेटले, कपाळ खरंच जरा कोरडं वाटलं. मला थांबवून हळूच विचारलं, "दुसरा डोस किती दिवसांनी?"