विषय : मुदतवाढ मिळणेबाबत

अर्ज फार नम्र आहे. ‘माननीय सर, आमच्या बॅचचं डेटाबेसचं लॉगिन सोमवारी बंद पडल्यानं असाइनमेंट क्रमांक सहा अपूर्ण राहिली, तरी दोन दिवसांची मुदतवाढ मिळावी.’ पुरावा म्हणून पोरानं पडद्यावरची ओळही उतरवलीय :

```
ORA-28000: the account is locked
```

सरांचा शेरा : ‘कुलूप का लागले याचा खुलासा जोडावा. लॅब असिस्टंटची सही घ्यावी. विभागप्रमुखांमार्फत यावे.’

खुलासा एवढाच, की लॅबमधल्या एका कीबोर्डचं कॅप्स लॉक अडकलेलं आहे. पासवर्डात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. पासवर्ड दहा वेळा चुकला की खातं बंद, हा या डेटाबेसचा मूळचाच नियम. आणि अख्ख्या बॅचला खातं एकच! एकाची बोटं चुकली, सगळी बॅच दाराबाहेर.

पण मला वेड लावलंय ते एका कंसानं. अशा खात्याची स्थिती `DBA_USERS` मध्ये पाहिली, तर तिथे `LOCKED(TIMED)` दिसतं. हे मुदतीचं कुलूप. मूळ नियमात मुदत एक दिवसाची. ती उलटल्यावर बरोबर पासवर्ड टाकला की खातं उघडतं, ना सही लागते ना शिक्का. म्हणजे यंत्रानं पोरांना मंगळवारीच माफ केलं असतं. ते आमच्या लॅबप्रमुखांना कसं चालावं? खुलासा येईपर्यंत कारवाई हवी म्हणून त्यांनी तेच खातं स्वतःच्या हातानं पुन्हा लॉक केलं. झालं, कंस गेला, नुसतं `LOCKED` उरलं. हे कुलूप आपोआप उघडत नाही, वर्षभर वाट पाहिली तरी नाही. ते काढायला एक ओळ पुरते :

```
ALTER USER batchb ACCOUNT UNLOCK;
```

ही ओळ चालवायचा अधिकार असलेला माणूस, अर्ज मार्गी लागत नाही तोवर ती चालवत नाही. आणि अर्जाला ‘आत्तापर्यंतच्या कामाचं आउटपुट’ जोडायला सांगितलंय, जे त्या बंद खात्यात सुखरूप पडून आहे.

‘घरी करा की!’ असंही सर म्हणाले. केलं बिचाऱ्यांनी, घरच्या मायएसक्यूएलवर. असाइनमेंट कर्सरची, त्यातलं `%ROWTYPE` तिथे चालत नाही, म्हणून प्रत्येक कॉलमसाठी वेगळं व्हेरिएबल घेऊन सगळं नव्यानं लिहिलं. सरांनी प्रिंट परत केली, कारण डाव्या कोपऱ्यात `SQL>` ऐवजी `mysql>` होतं. कर्सर बरोबर फिरतो का, हे कोणी पाहिलंच नाही. अहो, शिकवता काय तुम्ही, डेटाबेस की डावा कोपरा? वर्षानुवर्षं त्याच जर्नलचे तेच प्रयोग, तीच आउटपुटं पुढच्या बॅचकडे जातात, सह्या होतात. खरं काम करायला बसलेल्या पोरांनाच तेवढा खुलासा मागायचा!

असो. अर्ज मंजूर झाला. दोन दिवसांची मुदतवाढ मिळाली, मूळ तारखेपासून. ती गेल्या बुधवारीच संपली आहे.