तेलकाका

प्रत्येक सोसायटीत एक तेलकाका असतात. मार्च लागला, माळ्यावरचे पंखे खाली उतरले, की हेही जिना उतरतात. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात खोबरेलाची बाटली. दोन मजले खालच्या पंख्याची कुरकुर त्यांना ऐकू येते. स्वयंपाकघरातून काकूंनी मारलेली हाक येत नाही.

निदान मात्र अस्सल, हे मान्य करायलाच हवं. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा स्टँड फॅन पाच नंबरवरही एक नंबरचाच वारा देत होता. काकांनी आधी प्लग काढला, मग पातं बोटाने फिरवलं. अर्ध्या फेरीत अडलं. "बुश सुकलाय, वहिनी. पातं मोकळं फिरलं असतं, तर म्हटलं असतं कपॅसिटर बदला." शंभर टक्के बरोबर! पात्याचा दांडा ज्या पितळी रंगाच्या बुशमध्ये फिरतो, तो सच्छिद्र असतो, तेल पिऊन बसतो. भोवतीच्या नमद्याच्या चकतीतलं तेलही सुकलं, की दांडा जड होतो.

मग काका वहिनींच्या कॉलेजातल्या मुलाला पात्याची टोपी उघडायला लावतात. तो नेहमीसारखी डावीकडे फिरवतो, लालबुंद होतो. काका चहा संपेपर्यंत गप्प. मग सावकाश, "उलटे आटे असतात रे, उजवीकडे फिरव." या एका वाक्यासाठी ते वर्षभर थांबलेले असतात.

इथपर्यंत विद्वान. पुढे खोबरेल. जुना चिकटा पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब, एवढंच हवं असतं. पण "मशीनचं तेल मशीनला!" खोबरेलाने पंखा त्या दिवशी भन्नाट पळतो, पुढे ते धूळ ओढून चिकट होतं, थंडीत तर गोठतंच. पुन्हा जड झाला, की काका म्हणणार, "हल्ली माल हलका येतो."

वहिनींचा पंखा मानही वळवत नव्हता. मागून नुसती कट-कट. दांड्याच्या शेपटाला स्क्रूसारखे पेच असतात, ते गिअरबॉक्समधलं प्लास्टिकचं दातेरी चाक फिरवतात. मागची खुंटी दाबलेली असताना घरातला प्रत्येकजण पंख्याचं डोकं धरून स्वतःकडे वळवत होता, त्यात दात गेलेले. काकांनी तिथेही अर्धी बाटली रिचवली. तेलाने दात उगवत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? "मान वळायलाच कशाला हवी?" ते म्हणाले, "वारा हवा त्याने उठून समोर बसावं."

काका गेल्यावर मुलगा जुनं चाक खिशात घालून दुकानात गेला, दात मोजून तेवढ्याच दातांचं आणलं, खोबरेल पुसून ग्रीस भरून बसवलं. संध्याकाळी काका डोकावले. पंखा ऐटीत मान वळवत होता.

"बघा," काका म्हणाले, "तेल भिनायला वेळ लागतो."