गुरुजींना झाली

बाळ घरी आल्याच्या चौथ्या दिवशी आमच्या साडेतीन वर्षांच्या कन्येने पाळण्याजवळ उभं राहून, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून, शू केली. आठ महिने ती कोरडी होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?" मला हीच संधी हवी होती. मी लगेच उभं राहून व्याख्यान दिलं: मुलाला लाजवायचं नसतं, धाकटं भावंड आलं की मोठं मूल असं मागे जातं, ते मुद्दाम करत नाही. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि फडकं माझ्या हातात दिलं.

मी राहतो डहाणूला आणि शिकवतो तलासरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत, त्यामुळे बालशिक्षण हा विषय मला येतो असा माझा समज होता. शेजारच्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काय केलं यावर डी.एड.ला मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. १९४५मध्ये बोर्डीला सुरू झालेलं ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे कोसबाडला गेलं. न येणाऱ्या मुलांसाठी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि त्यातून 'अंगणवाडी' हा शब्द रुजला. त्याआधी ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, आणि मुलांना शिक्षा नको तसंच बक्षिसाचं आमिषही नको, यावर गिजुभाई ठाम होते. हे शेवटचं वाक्य मी उत्तरात अधोरेखित केलं होतं.

त्याच रात्री मी घरी तक्ता बनवला. सात वार, चार रकाने, कोरड्या चड्डीला एक चांदणी. तक्ता लावला फ्रिजवर, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देताना दिसावा. बाळ बघायला आलेली प्रत्येक मावशी तक्त्यासमोर थांबायची आणि विचारायची, "मंगळवारी काय झालं गं?" मी कुणाला रागावलो नव्हतो, आवाजही चढवला नव्हता. मी फक्त मुलीची ओली चड्डी नोटीस बोर्डावर लावली होती.

शिवाय दर दहा मिनिटांनी मी गोड आवाजात "शू आली का?" विचारत होतो. ती "नाही" म्हणायची आणि बाराव्या मिनिटाला व्हायची. "तू आता मोठी ताई ना?" हेही माझंच वाक्य. मोठी होऊन तिला मिळालं काय होतं? आईची मांडी गेली, रात्रीची जागा गेली, आणि ज्याला दिवसातून पंधरा वेळा शू होते त्याचं सगळं घर कौतुक करत होतं. तिने निष्कर्ष काढला तो चुकीचा म्हणता येणार नाही.

दोन आठवड्यांनी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मी वहीत शूच्या वेळा मिनिटांसकट लिहून नेल्या होत्या. डॉक्टरांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "शी कधी झाली?" मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. चार दिवस झाले होते. पाळण्याच्या गडबडीत तिने शी दाबून धरली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. डॉक्टरांनी पोट चाचपलं. आतडं गच्च भरलं की पुढच्या मूत्राशयावर दाब येतो, त्यात जागा उरत नाही, आणि "शू आली" असं मुलाला कळेपर्यंत ती झालेली असते, असं त्यांनी समजावलं. लघवीला जळजळ, ताप किंवा सारखी भलतीच तहान आहे का, तेही विचारलं आणि खात्रीसाठी लघवी तपासली. ती ठीक निघाली.

मग उपाय सांगितले ते इतके साधे होते की मला अपमान वाटला. मऊ शी होण्यासाठी थोडे दिवस औषध आणि भरपूर पाणी. जेवल्यावर आतडी हलतात, म्हणून जेवणानंतर पाच मिनिटं पॉटीवर बसवायचं, आणि तिचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यायचा, कारण पाय टेकल्याशिवाय जोर लागत नाही. विचारत बसायचं नाही, झोपेतून उठल्यावर आणि बाहेर निघण्याआधी सरळ घेऊन जायचं. चड्डी ओली झाली तर एकच वाक्य: "शू झाली, चल बदलू." ती बादलीत तिनेच टाकायची, पण शिक्षा म्हणून नाही, रुमाल टाकतो तशी. पाहुण्यांसमोर विषय बंद. बाळाची लंगोट मागितली तर द्यायची. (तिने मागितली. दहा मिनिटं घालून फिरली, मग "टोचते" म्हणून काढून बाळाला परत केली.) आणि रोज पंधरा मिनिटं, बाळाशिवाय, फक्त तिच्यासाठी.

मी तक्ता फाडला. पण पंधरा मिनिटं ऐकून माझ्यातला आदर्श बाप जागा झाला. मी म्हटलं, पंधरा मिनिटं कसली, अख्खा शनिवार देतो! आणि सकाळच्या शाळेला तिला बरोबर घेऊन निघालो.

चारोटीला गाडी बदलायची होती. तिथे शहाळी दिसली. भरपूर पाणी, असं डॉक्टर म्हणालेच होते. तिने एक अख्खं संपवलं. मग हायवेला दुसरी गाडी, तिच्यात सात जणांच्या जागेत अकरा जण, आणि कन्या माझ्या मांडीवर. तलासरी यायला थोडंच उरलं होतं, तेव्हा मांडीला एक ऊब जाणवली. आधी वाटलं, प्रेमाची आहे.

शाळेच्या फाटकात पोरं उभी होती. माझी फिकट करडी पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत गडद झाली होती. पहिलीतला एक जण बघत राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, काय झालं?" ओठांवर उत्तर तयार होतं: हिने केली. खरंच होतं ते. कन्येने माझा हात घट्ट धरला होता आणि मान खाली घातली होती. घरी तक्त्यासमोर उभी राहायची अगदी तशी.

मी म्हणालो, "शू झाली."

"तुम्हाला?"

"हं."

पोरं हसली नाहीत, ती थक्क झाली. आपल्या गुरुजींना असलं काही होतं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. शेजारच्या अंगणवाडीच्या ताईंनी एकदा माझ्याकडे, एकदा पोरीच्या फ्रॉककडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि आतून एक टॉवेल आणून दिला. कन्या मान वर करून म्हणाली, "चल बाबा, बदलू." बदलायला तिच्यासाठी पिशवीत तीन चड्ड्या होत्या. माझ्यासाठी काही नव्हतं. दोन तास मी टॉवेल गुंडाळून बेरीज शिकवली.

पुढे महिनाभर अधूनमधून होत राहिलं, मग आठवड्यातून एकदा, मग थांबलं. कधी थांबलं ते सांगता येत नाही, कारण तक्ता नव्हता. रात्रीचं अजून चालू आहे, पण या वयाला ते चालायचंच, असं डॉक्टर म्हणतात.

शाळेत मात्र ती बातमी पुसली गेली नाही. पूर्वी कुणा लहानग्याला वर्गात झाली की तो दप्तर टाकून घरी पळायचा आणि पुढचे दोन दिवस यायचा नाही. पावसाळ्यात एकदा पहिलीतला तोच मुलगा माझ्या टेबलाजवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि कानात म्हणाला, "गुर्जी, तुमचं झालं होतं ना, तसं झालं."

मी कपाटातून टॉवेल काढला. आता एक तिथेच असतो.