नव्या गुरुजींस स्वागतपत्र

आमच्या कोकणातल्या या शिवालयात आपले स्वागत करताना, आपण दशग्रंथी आहात एवढ्यावर विसंबून न राहता येथील वहिवाटीची कल्पना आधीच द्यावी, असा ठराव पंचांनी बहुमताने केला आहे. एकमताने आजवर येथे प्रसादाखेरीज काहीच झालेले नाही.

पहाटे निर्माल्य काढणे, समई लावणे आणि नित्यपूजा हा गुरवांचा हक्क असून, तो पिढीजात असल्याने आपण गाभाऱ्यात सर्वांआधी पोहोचलात तरी बेलाचे शिळे पानसुद्धा हलवू नये. आपला अंमल अभिषेकाचा, आणि त्याची खरी कसोटी श्रावणी सोमवारच्या एकादशनीची. नमकाची अकरा आवर्तने, आणि प्रत्येक आवर्तनाअखेर चमकाचा क्रमाने एकेक अनुवाक, हा विधी एकट्याने म्हटल्यास दोन-अडीच तास सहज घेतो. तेवढ्या अवधीत आमचे अध्यक्ष खांबाला टेकून समाधिस्थ होतात, आणि चिटणीस, जे कचेरीत शिरस्तेदार होते, अभिषेकपात्राची धार पिंडीच्या मध्यावर पडते की बाजूस सरकते याची मनोमन तपासणी करीत बसतात.

खजिनदारांपासून मात्र सावध असावे. संस्कृताशी त्यांचा परिचय नाही. परंतु अकरा चिंचोके पुढ्यात मांडून प्रत्येक नमक संपताच ते एकेक बाजूला सारतात. गतवर्षी एका पाहुण्या गुरुजींनी दुपारची मोटार गाठावयाची म्हणून नववे नमक संपवून थेट चमकाच्या शेवटच्या अनुवाकास हात घातला. तो अनुवाक म्हणजे बहुतांशी आकडेच: एक, तीन, पाच असे तेहेतीसपर्यंत, आणि मग चार, आठ, बारा असे अठ्ठेचाळीसपर्यंत. आयुष्यभर खतावणीत रमलेल्या गृहस्थाच्या कानी आकडे पडले आणि ते दचकून जागे न होतील हे कसे घडावे? त्यांनी डोळे उघडले, पुढ्यात दोन चिंचोके शिल्लक पाहिले, आणि भर सभामंडपात हिशेब मागितला. गुरुजींनी उरलेली दोन आवर्तने यथासांग पुरी केली; मोटार मात्र त्यांच्यासाठी थांबली नाही.

अभिषेकानंतर भाविकांना प्रदक्षिणा सांगताना सोमसूत्र ओलांडू न देण्याची खबरदारी घ्यावी. तीर्थाची पन्हळ जेथे बाहेर येते तेथूनच माघारी वळण्याचा शिरस्ता आहे. मुंबईकर मंडळी घाईत तो विसरतात, आणि मग गुरव त्यांना मोठ्या आवाजात आठवण करून देतात.

सारांश, गुरुजी, येथे देव भोळा आहे, पंच नाहीत. तरी श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सूर्योदयापूर्वी हजर राहावे, अकराच्या अकरा आवर्तने म्हणावीत, आणि दक्षिणेचा विषय सभेपुढे येईपर्यंत धीर धरावा; चमकात मागावयाच्या वस्तूंची यादी कितीही लांब असली, तरी आमच्या खजिनदारांनी तिच्यातील एकही बाब अद्याप मंजूर केलेली नाही.