पंचवीस टक्के!

आमच्या अण्णांना तुम्ही ओळखता. चहात साखर नको म्हणतात आणि तिसरा पेढा उचलतात, तेच. सध्या ते सिंगापूरला मुलाकडे असतात आणि तिथे त्यांना बबल टी सापडला आहे.

संध्याकाळी फिरून येताना दुकानासमोर उभं राहायचं आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडायचं, "ट्वेंटी फाईव्ह पर्सेंट शुगर!" मग माझ्याकडे वळून, "पंचवीस टक्के, बरं का." आणि मग हळूच, "पर्ल्स डबल."

आता हे टक्के असतात वरून ओतायच्या सिरपचे. गोळ्यांचा त्यांच्याशी संबंध नाही. टॅपिओकाचं पीठ उकळत्या पाण्यात मळून वळलेले हे गोळे शिजवून ब्राऊन शुगरच्या पाकात मुरत ठेवतात, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात आणि चवीला रबर लागतात. काउंटरवरची मुलगी डावभर गोळे पेल्यात टाकते, तेव्हा तपकिरी पाक कडेनं ओघळत तळाशी जातो. अण्णा तेवढ्यात आकाश बघतात.

हटकलं की बोर्डावरच्या 'बी'कडे बोट. तिथल्या सरकारनं 2023 च्या डिसेंबरअखेरीपासून ताज्या पेयांनाही ए ते डी अशा श्रेणी लावल्या. 'बी' म्हणजे 100 मिलीत जास्तीत जास्त 5 ग्रॅम साखर. अण्णांचा पेला 500 मिलीचा, म्हणजे 'बी' राहूनही, दुधातली धरून, 25 ग्रॅमपर्यंत, सहा चमचे! शिवाय ही श्रेणी गोळे न धरता. गोळ्यांची साखर वेगळी लिहितात. तिकडे अण्णांचा चष्मा पोचत नाही. 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात गोळ्यांसकट 473 मिलीच्या पेल्यात 38 ग्रॅम साखर आणि 299 कॅलरी निघाल्या. म्हणजे जवळपास तीन पोळ्या, आणि रात्रीचं जेवण व्हायचंच असतं.

एकादशीलाही खंड नाही. "अरे, साबुदाणाच हा! त्याच कंदाचा." हे मात्र खरं आहे, काय बोलणार? तीन महिन्यांची साखर आठच्या वर गेली, तेव्हा डॉक्टरांनाही हेच ऐकावं लागलं: "पण मी तर पंचवीस टक्केच घेतो!"

एवढं सगळं मी त्यांना सुनावणार होतो. पण परवा काउंटरवरची मुलगी त्यांना लांबूनच बघून हसली. "अंकल, ट्वेंटी फाईव्ह?" अण्णांचा चेहरा असा खुलला की माझं गणित घशातच राहिलं. मुलगा-सून नऊला घरी येतात. तोवर 'तुम्हाला काय हवं?' असं त्यांना विचारणारी ती एकटीच.

तुमचे अण्णा अशा रांगेत असतील, तर टक्क्यांवरून हुज्जत घालू नका. लहान पेला सांगा, गोळे नकोत म्हणा, आणि त्या मुलीशी त्यांना हवं तेवढं बोलू द्या.